तव्याचा आवाज ओळीत

रात्रीच्या पावभाजीच्या गाडीचा फोटो. वाफ, लाल भाजी, बल्बचा पिवळा उजेड कॅमेऱ्यानं दाखवलाच आहे. खाली ‘चमचमीत पावभाजी’ लिहिलं, तर वाचकाला फक्त आपलं मत कळतं. आवाज आणि वास मात्र फोटोत येत नाहीत. ते ओळीत आणावेत:

‘गिरगाव, रात्रीचे साडेअकरा. तव्यावर कालथ्याची खटखट, लोण्यात पाव पडताच चर्र. तापलेलं लोणी आणि नुकत्याच चिरलेल्या कोथिंबिरीचा वास पार कोपऱ्यापर्यंत.’

इथे प्रत्येक आवाजामागे एक वस्तू आहे आणि वास कुठवर पोचतो तेही कळतं. नुसतं ‘खमंग वास’ म्हटलं की चवीचं विशेषण मागच्या दारानं परत येतं. वास कशाचा, ते सांगावं. आवाज दोनच पुरेत, तिसऱ्यानं गोंगाट होतो.