रोजच्या नफ्याचा हिशेब

श्रोतेहो, पैसे गुंतवा आणि रोज एक टक्का नफा घ्या, अशी ग्वाही देणारी मंडळे आज मोबाइलवरील गटांतून घरोघरी पोहोचली आहेत. त्यांच्या जाळ्यात केवळ लोभी माणसेच सापडतात, हा समज बरोबर नाही. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसेही तेथे फसतात; कारण आरंभी त्यांना खरोखरच पैसे मिळतात. ते पैसे येतात कोठून, एवढाच प्रश्न आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी इंदूरमधील एका सेवानिवृत्त शिक्षकाचे घर डोळ्यांपुढे आणू. त्यांनी अशा एका गटात पन्नास हजार रुपये भरले आहेत, वीस दिवस रोज पाचशे रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले आहेत, आणि आता बँकेतील सहा लाखांची मुदतठेव मोडून तीही तेथे ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांची कन्या हिशेबनीस आहे.

“बाबा, मुदतठेव मोडण्यापूर्वी मला एकदा सारे नीट सांगाल का?”

“सांगण्यासारखे काय आहे, बाळ? सहा लाखांवर बँक सात टक्के देते. महिन्याला साडेतीन हजार. हे लोक दिवसाला सहा हजार देतात. उद्या माझ्या आजारपणाचा भार तुझ्यावर पडू नये, एवढीच माझी इच्छा. आणि दहा हजार रुपये माझ्या हातात आले आहेत. ते काही स्वप्नातले नाहीत.”

“ते खरेच आहेत. पण ते कोणाचे आहेत? तुम्ही पन्नास हजार दिलेत, दहा हजार परत आले. म्हणजे तुमचे चाळीस हजार अजून त्यांच्याकडे आहेत. शंभराव्या दिवसापर्यंत ते तुम्हांला तुमचेच पैसे पाचशे-पाचशेने परत करू शकतात, आणि त्यासाठी कोठेही एक रुपया गुंतवण्याची त्यांना गरज नाही.”

येथे वडील क्षणभर थांबले. पण त्यांचे समाधान झाले नाही. “ते शेअरबाजारात व्यवहार करतात,” ते म्हणाले. “रोज संध्याकाळी अ‍ॅपमध्ये नफा दिसतो.”

“रोज म्हणजे रविवारीही?”

“हो, रविवारीही. सव्वीस जानेवारीलासुद्धा आला होता.”

“बाबा, सव्वीस जानेवारीला शेअरबाजार बंद असतो. मग त्या दिवशीचा नफा कोणत्या व्यवहारातून आला?”

श्रोतेहो, या साध्या प्रश्नात पुष्कळ काही आहे. बाजारातला खरा नफा कधी अधिक, कधी उणा, तर कधी तोटाच असा येतो. सुट्टीच्या दिवशीही जो न चुकता तेवढाच येतो, तो व्यवहारातून आलेला नसून कोणीतरी ठरवून दिलेला आकडा असतो. अ‍ॅपच्या पडद्यावरचा आकडा लिहिणारा आणि पैसे घेणारा एकच असतो, हे विसरू नये. आपल्या नावावर खरोखर शेअर घेतले असतील, तर ते आपल्या डीमॅट खात्यात दिसतात, आणि त्या खात्याचे विवरणपत्र एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून स्वतंत्रपणे येते. वडिलांकडे असे कोणतेही विवरणपत्र नव्हते.

मग मंडळ चालते कसे? मुलीने कागदावर मांडून दाखवले. शंभर सभासदांनी प्रत्येकी पन्नास हजार भरले, तर पन्नास लाख जमतात. प्रत्येकाला रोज पाचशे द्यायचे, म्हणजे दिवसाला पन्नास हजार. हे पैसे रोज एक नवा सभासद आला की निघतात. सभासद दोनशे झाले की रोज दोन नवे हवेत, हजार झाले की रोज दहा. रोज शेकडा एक या गतीने वाढत गेल्यास शंभरांचे वर्षाअखेर सुमारे पावणेचार हजार होतात, दुसऱ्या वर्षाअखेर एक लाख बेचाळीस हजार, आणि तिसऱ्या वर्षाअखेर पन्नास लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत साऱ्या इंदूर शहराची वस्ती वीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे माणसे संपतात, आणि माणसे संपली की नफा संपतो. प्रत्यक्षात चालक इतका काळ थांबतही नाहीत. नवे पैसे येणे मंदावले की ते उरलेली रक्कम घेऊन नाहीसे होतात. अमेरिकेत बोस्टन येथे चार्ल्स पाँझी याने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे वचन देऊन हाच खेळ मांडला होता, आणि तो १९२० च्या ऑगस्टमध्ये कोसळला.

“पण त्यांच्याकडे सेबीचे प्रमाणपत्र आहे,” वडील म्हणाले. “मी स्वतः पाहिले.”

“प्रमाणपत्राचे चित्र कोणालाही करता येते. त्यावरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर घालून पाहू. आणि तो क्रमांक खरा निघाला, तरी ज्या खात्यात तुम्ही पैसे भरलेत, ते त्याच संस्थेच्या नावाचे आहे का?”

वडिलांनी पावत्या काढल्या. पहिल्यांदा एका व्यक्तीच्या नावावर, दुसऱ्यांदा दुसऱ्याच कोणाच्या. नोंदलेला गुंतवणूक सल्लागार केवळ आपले शुल्क घेतो, गिऱ्हाइकाचे भांडवल स्वतःच्या खात्यात घेत नाही. आणि ठरावीक नफ्याची हमी देण्यास त्याला मनाई आहे. ही हमी हाच, प्रमाणपत्र खरे की खोटे हे पाहण्याआधीचा, पुरावा होय.

“आणि खरोखर दिवसाला एक टक्का मिळवण्याची विद्या ज्याला साधली आहे,” मुलगी हळूच म्हणाली, “तो वर्षाला बारा टक्क्यांनी बँकेचे कर्ज काढील. तुमच्या मुदतठेवीसाठी तो रोज सकाळी तुम्हांला ‘सर, नमस्कार’ का म्हणेल?”

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “देशपांड्यांना मीच त्या गटात घेतले. त्याचे दोन हजार मला मिळाले.”

खरी टोचणी येथे होती. नवा सभासद आणण्याबद्दल मिळणारे पैसे हे या यंत्राचे इंधन असते. ज्याची गावात पत आहे, त्याची पतच तेथे खर्ची पडते. शिवाय सभासद वाढवण्यावर चालणाऱ्या अशा योजनेत दुसऱ्यास दाखल करणे हा १९७८ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

मुलीने दोष दिला नाही. तिने एक कसोटी सुचवली: सहा लाख तसेच राहू द्यावेत आणि आधी भरलेली सगळी मुद्दल परत मागावी. थोडी रक्कम परत देणे हा आमिषाचा भाग असतो. सगळी मागितली की खरे रूप दिसते. तसेच झाले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की पैसे काढण्यापूर्वी नऊ हजार रुपये ‘कर’ भरावा लागेल. कर सरकारकडे भरावयाचा असतो किंवा देय रकमेतून कापला जातो. तो आधी एखाद्या खासगी खात्यात भरावयास कोणी सांगत नाही. हे नऊ हजार भरणाऱ्यास पुढे आणखी एखादे शुल्क सांगितले जाते, एवढेच.

अशा वेळी पैसे न भरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा, किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी ती रोखता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून नुकत्याच भरलेल्या रकमेबाबत तासातासाला महत्त्व आहे. पावत्या, खात्यांचे क्रमांक आणि गटातील संदेश पुसू नयेत. तक्रारीस तेच लागतात. शिक्षकांच्या चाळीस हजारांना मात्र तीन आठवडे होऊन गेले होते, आणि ते परत आले नाहीत. सहा लाख बँकेत राहिले. देशपांड्यांकडे ते स्वतः गेले आणि हिशेबाचा तो कागद त्यांनी त्यांच्यापुढे ठेवला. देशपांड्यांनी पैसे भरून तेव्हा दोनच तास झाले होते, आणि तक्रार त्याच घरातून, त्याच क्षणी नोंदवली गेली.