एकच चौक, तीन नकाशे

विद्यार्थ्यांनी हाताने काढलेल्या नकाशांची तुलना करायची, तर सर्वांचा विषय एकच ठिकाण हवे. जुन्नर तालुक्यातला आळेफाटा त्यासाठी सोयीचा आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. चौकाभोवतीचा 800 मीटर रुंद आणि 1,000 मीटर उंच भाग 1 सेंमी = 50 मीटर या प्रमाणाने काढला, तर 16 बाय 20 सेंमीचा नकाशा होतो आणि तो ए-फोर कागदावर मावतो. समजा, एका वर्गातले असे तीन नकाशे शेजारी ठेवले आहेत.

तुलनेची सुरुवात प्रमाणापासून करावी, कारण ते पट्टीने तपासता येते. मुले अंतर पावलांनी मोजतात. आधी टेपने मोजलेल्या 100 मीटरवर चालून पावले मोजायची. ती 160 भरली, तर एक पाऊल साडेबासष्ट सेंमीचे. मग चौकापासून एका वळणापर्यंत 480 पावले झाली, म्हणजे ते 300 मीटर. आणि त्याच रस्त्यावरच्या पंपापर्यंत 240, म्हणजे 150 मीटर. नकाशात ही अंतरे 6 आणि 3 सेंमी यायला हवीत.

पहिल्या नकाशात ती तशीच आहेत. दुसऱ्यात 8 आणि 4 सेंमी आहेत. इथे आकडे चुकलेले दिसले, तरी दोन्ही अंतरांचे परस्पर नाते शाबूत आहे. लिहिलेले प्रमाण तेवढे बदलून 1 सेंमी = 37.5 मीटर केले की काम भागते. तिसऱ्यात मात्र 6 आणि 5 सेंमी आहेत, आणि त्याला कोणतेच एक प्रमाण लागू पडत नाही. चौकात दुकानांची दाटी असते, म्हणून मूल तिथे जागा वाढवते; पुढे रस्त्याकडेला फक्त शेते लागली की अंतर आखडते. असा नकाशा पुन्हा मोजूनच काढावा लागतो. प्रमाण शब्दांत लिहिण्याबरोबर रेषाप्रमाणही काढलेले असेल, तर झेरॉक्स लहान-मोठी झाली तरी ते बिघडत नाही, कारण रेषाही नकाशाबरोबरच लहान-मोठी होते.

दिशेचीही परीक्षा याच वेळी होते. बहुतेक मुले चौक अधिकचिन्हासारखा काढून वर नाशिक, खाली पुणे असे लिहितात. प्रत्यक्षात पुण्याच्या रस्त्यावरचे नारायणगाव आळेफाट्याच्या नैर्ऋत्येला आणि कल्याणच्या रस्त्यावरचे ओतूर वायव्येला आहे. रस्त्यांमधले कोन होकायंत्राने न पाहताच काटकोन काढले असतील, तर उत्तरेचा बाण कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नाही.

चिन्हांकडे वळताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या प्रमाणात 10 मीटर रुंद रस्ता 2 मिलिमीटर होतो आणि 5 मीटर व्यासाची विहीर जेमतेम 1 मिलिमीटर. म्हणून विहीर, मंदिर, पंप यांची चिन्हे खऱ्या मापापेक्षा मोठी काढणे ही चूक नव्हे. चिन्हाचा मध्य योग्य जागी असला की पुरे. चूक होते ती एकाच खुणेला दोन अर्थ दिल्याने. रस्ता आणि ओढा दोन्ही निळ्या रेषांनी दाखवले, तर ते कुठे छेदतात आणि कुठे मिळतात हे कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशात पाण्याला निळा आणि पक्क्या रस्त्याला लाल रंग असतो. तोच संकेत पाळलेला बरा. नुसते 'पो' लिहिले, तर पोस्ट की पोलीस चौकी, असा प्रश्न पडतो. तपासणी सोपी आहे: नकाशातले प्रत्येक चिन्ह सूचीत सापडले पाहिजे आणि सूचीतले प्रत्येक चिन्ह नकाशात.

नावे लिहिताना देवनागरीची स्वतःची अडचण येते. रस्त्याला चिकटून 'कांदा बाजार' लिहिले, तर शिरोरेषा रस्त्याची दुसरी कड भासते. वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने अक्षरांना दोन्ही बाजूंनी जागा लागते, म्हणून रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे. इमारतींची नावे आडवी आणि रस्त्याचे नाव रस्त्याच्या कलाने लिहावे. नकाशाच्या कडेला रस्ता संपतो तिथे 'बेल्हे' एवढेच लिहिले, तर बेल्हे नकाशातच असल्यासारखे वाटते. 'बेल्ह्याकडे' लिहिले की गोंधळ मिटतो.

शेवटी प्रत्येक नकाशा दुसऱ्या वर्गातल्या मुलाकडे द्यावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: वळण चौकापासून किती मीटर, ओढा रस्ता कुठे ओलांडतो, आणि ओतूरला जाणारा रस्ता कोणता? पहिले उत्तर चुकले तर प्रमाण पाहावे, दुसरे चुकले तर चिन्हे आणि तिसरे चुकले तर नावे. चिन्हे आणि नावे त्याच आराखड्यावर सुधारता येतात. प्रमाण जागोजागी बदलले असेल, तर पुन्हा रस्त्यावर जाऊन पावले मोजावी लागतात.