खाऱ्या पाण्यातले मूग आणि आठ आठवडे

विज्ञान प्रदर्शनाच्या आधीच्या रात्री थर्माकोल कापणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या रात्री तक्ता रंगवता येतो, पण बी उगवून घेता येत नाही. म्हणून एकट्यानं प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यानं प्रदर्शनाच्या तारखेपासून मागं मोजत यावं आणि बियाण्याला किती दिवस लागतात ते आधी पाहावं.

आठवीतल्या एखाद्या मुलीनं असा प्रश्न घेतला, असं समजू: पाण्यात किती मीठ असलं म्हणजे मूग उगवायचे थांबतात? अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात हा प्रश्न शेतकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे. पहिला आठवडा या एका वाक्यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा. ‘मिठाचा वनस्पतींवर परिणाम’ हे नुसतं शीर्षक झालं. कोणतं बी, किती मीठ, काय मोजायचं, हे ठरलं की मग तो प्रश्न होतो. कोंब दोन मिलिमीटर झाला की दाणा ‘उगवला’ म्हणायचं, ही व्याख्याही याच आठवड्यात वहीत लिहायची.

दुसऱ्या आठवड्यात चाचणी. इथं पहिली अडचण काट्याची येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन ग्रॅम मीठ नीट मोजता येत नाही. त्याला सोपा उपाय आहे. 20 ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून त्याचं एक लिटर द्रावण करायचं. त्यातलं 50 मिलिलिटर घेऊन साध्या पाण्यानं अर्धा लिटर केलं, की लिटरला दोन ग्रॅमचं पाणी तयार होतं. 100 घेतलं तर चार ग्रॅमचं, 200 घेतलं तर आठचं, 300 घेतलं तर बाराचं. पाचवी बाटली साध्या पाण्याची. सगळीकडे पाणी एकाच नळाचं आणि मीठ एकाच पुडीतलं असावं.

चाचणीला प्रत्येक पाण्याची एकच ताटली पुरते. ओल्या टिपकागदावर 25 दाणे ठेवायचे आणि रोज ठरल्या वेळी मोजायचे. या फेरीत बहुधा काहीतरी बिघडतं, आणि ती त्यासाठीच असते. साध्या पाण्यातलेच बरेच दाणे उगवले नाहीत, तर बी जुनं आहे किंवा त्यात गणंग दाणे फार आहेत, बी बदलावं. सगळ्याच ताटल्यांत सारखे कोंब आले, तर मीठ वाढवावं लागेल. आणखी एक चूक सहज डोळ्यांत येत नाही. उघड्या ताटलीतलं पाणी उडून जातं, पण मीठ मागंच राहतं. वरून पुन्हा खारं पाणी घातलं की चारचं पाणी बघता बघता सहाचं होतं. म्हणून ताटली झाकायची, रोज तिचं वजन करायचं आणि जेवढी घट दिसेल तेवढंच साधं पाणी घालायचं. तिसरा आठवडा या दुरुस्त्यांसाठी राखावा.

चौथ्या आठवड्यात खरी फेरी: पाच प्रकारचं पाणी, प्रत्येकाच्या तीन ताटल्या, एकूण 375 दाणे. सात दिवस रोज मोजणी. शेवटच्या दिवशीच मोजलं तर मोठी गोष्ट निसटते. थोड्या मिठात बी उगवतं, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी दिसणारा फरक सातव्या दिवशी उरलेला नसतो. मुळांची लांबीही शेवटी मोजावी, कारण कोंब फुटला तरी मूळ खुरटलेलं असू शकतं.

एकाच पाण्याच्या तीन ताटल्यांत 14, 16 आणि 23 असे आकडे आले तर? 23 खोडायचा नाही. ती ताटली खिडकीशी होती का, तिच्यात पाणी जास्त पडलं का, ते लिहायचं.

पाचव्या आठवड्यात दिवाळीची सुट्टी आली आणि मामाच्या गावी जायचं असलं, तर त्या आठवड्यात बी भिजवूच नये. तो आठवडा मोकळा ठेवून सहाव्यात दुसरी फेरी करावी. तोवर थंडी पडलेली असेल, तर सगळेच दाणे सावकाश उगवतील; म्हणून त्या फेरीतल्या ताटल्यांची तुलना त्याच फेरीतल्या साध्या पाण्याशी करायची. एकट्या मुलीला हा मोकळा आठवडा फार मोलाचा आहे. ती तापानं आडवी झाली, तर तिच्या ताटल्यांकडे बघणारा दुसरा सोबती नाही.

सातव्यात आलेख आणि तक्ता, आठव्यात घरच्यांसमोर तीन मिनिटांत बोलण्याचा सराव. परीक्षक हमखास विचारतात, ‘बारा ग्रॅमच का घेतले?’ त्याचं उत्तर दुसऱ्या आठवड्यातल्या फसलेल्या चाचणीत असतं. ती पानं वहीतून फाडू नका. प्रदर्शनाच्या टेबलावर वही त्याच पानावर उघडी ठेवा.