नैऋत्येच्या खोलीत ऊन कधी येते?

फ्लॅट बघायला गेलेले कुटुंब नकाशा उलगडायच्या आधीच तीन प्रश्न विचारते. दरवाजा दक्षिणेला तर नाही ना? किचन आग्नेयेला आहे का? मास्टर बेडरूम नैऋत्येला मिळेल ना? बिल्डरच्या माणसाकडे तिन्हींची उत्तरे तयार असतात. पण एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला त्या बेडरूमच्या कोणत्या भिंतीवर ऊन असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. त्या खोलीत झोप लागेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी याच प्रश्नावर ठरते.

वास्तूचे नियम म्हणजे जुने विज्ञानच, असे काही जण म्हणतात, तर काहींच्या लेखी ती निव्वळ अंधश्रद्धा असते. दोन्हीकडे एक काम राहून जाते. प्रत्येक नियम वेगळा काढून आपल्या गावच्या उन्हावाऱ्यावर घासून पाहायला हवा. इथे दक्षिण, नैऋत्य आणि आग्नेय या तीन दिशांचे नियम तसे तपासू.

शंकूपासून सुरुवात

वास्तुग्रंथांत जागेवर चौरस कल्पून त्याचे ६४ किंवा ८१ भाग पाडतात. त्या प्रत्येक पदावर देवतेची स्थापना असते आणि आठ दिशांना आठ दिक्पाल. अग्नीची दिशा आग्नेय, म्हणून चूल तिथे, ईशान्य शिवाची, म्हणून देवघर तिथे, दक्षिण यमाची. ग्रंथांतली मांडणी बहुतांशी अशी देवतेच्या नात्याने येते. ‘ईशान्येच्या कोवळ्या किरणांनी जंतू मरतात’ यासारखी कारणे नंतर जोडलेली आहेत, आणि ती टिकत नाहीत. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो. त्या सहा महिन्यांत घराच्या उत्तर भिंतीवर ऊन पडतच नाही. शिवाय सूर्य क्षितिजालगत असताना अतिनील किरणे सर्वांत कमी असतात.

याच ग्रंथांनी दिशा शोधायची रीत मात्र चोख दिली आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचे आणि मधोमध शंकू, म्हणजे सरळ काठी, उभी करायची. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण करायची आणि दुपारनंतर ते पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. आज हेच काम मोबाइलमधल्या होकायंत्रावर, स्लॅबमधल्या लोखंडाच्या सळ्यांजवळ उभे राहून केले जाते आणि काटा सहज दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होतो. सावली पाहणाऱ्या माणसाला दिशेबरोबर ऊनही कळत असे. आपल्याकडे दिशेचे नाव राहिले आणि उन्हाकडे पाहणे सुटले.

दक्षिणेचा दोष किती खरा?

दक्षिणमुखी घर नको, हा आज सर्वांत कडकपणे पाळला जाणारा नियम आहे. जुना ग्रंथ इतका कडक नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत घराच्या चार बाजूंना मिळून ३२ दारांची फळे दिली आहेत. प्रत्येक बाजूला काही जागा शुभ आणि काही अशुभ. दक्षिणेलाही चांगले फळ सांगितलेली जागा आहे. म्हणजे अख्खी दिशाच वाईट, हे पुढच्या काळातले सोपे रूप.

आता ऊन पाहू. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. तिथे २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी साडेएकाहत्तर अंशांवर, आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेला असतो. थोडक्यात, दक्षिणेच्या भिंतीवर खरे ऊन हिवाळ्यात येते, आणि तेव्हा ते हवेसे असते.

चार फूट उंचीची दक्षिणेची खिडकी घ्या. तिच्यावर लगत दोन फुटांचा छज्जा आहे. विषुवदिनी या छज्ज्याची सावली सुमारे सहा फूट खाली येते, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली जाते. पुढे सप्टेंबरपर्यंत सूर्य माध्यान्हीला इतका वर किंवा उत्तरेला असतो, की याच छज्ज्याने भागते. डिसेंबरच्या माध्यान्ही सावली जेमतेम सव्वादोन फूट उतरते आणि खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येते. उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊब, दोन्ही एकाच छज्ज्यातून आणि कोणी हात न लावता.

पश्चिमेच्या खिडकीला हे जमत नाही. एप्रिलच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य जवळपास नेमका पश्चिमेला आणि केवळ ३२ अंशांवर असतो. तीच चार फुटी खिडकी सावलीत ठेवायला साडेसहा फुटांचा छज्जा लागेल, आणि तासाभराने तोही अपुरा पडेल. तिरपे ऊन वरून झाकून अडत नाही. त्याला समोरून आडोसा हवा. म्हणून महाराष्ट्रात काळजी करायचीच असेल तर ती पश्चिमेची करावी. दक्षिणमुखी फ्लॅट केवळ दिशेच्या नावावर नाकारणारा माणूस अनेकदा चांगली खिडकी सोडून येतो.

नैऋत्य: कोठार की शयनगृह?

आजचा वास्तुसल्लागार सांगतो, नैऋत्य जड असावी, तिथे दारेखिडक्या कमी असाव्यात आणि घरातल्या कर्त्याची झोपायची खोली तिथे असावी. बृहत्संहितेत मात्र ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, वायव्येला धान्य आणि धन, आणि नैऋत्येला घरातल्या भांड्याकुंड्यांची, सामानसुमानाची खोली सांगितली आहे. तिथे नैऋत्य कोठाराची होती.

हवामानाच्या नजरेने पाहिले तर कोठाराची जागा पटते. नैऋत्य कोपऱ्याला दक्षिण आणि पश्चिम अशा दोन उघड्या भिंती असतात. तापलेल्या दुपारचे ऊन तिथेच येते. तिथे जाड भिंत आणि मागे सामानाची खोली असली, की ती उष्णता झेलते आणि आतल्या खोल्या निवांत राहतात. वाड्यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची झळ पार होईस्तोवर दुसरा दिवस उजाडलेला असे, आणि ती पोहोचली तरी अगदी क्षीण होऊन.

आज जडपणाचा नियम कागदावर राहिला आहे आणि भिंत नऊ किंवा सहा इंचांची झाली आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आतल्या अंगाला यायला साधारण सहा-सात तास लागतात. चारला तापलेली भिंत रात्री दहा-अकराला आतून गरम होते, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. पडताळा घरीच घेता येतो. मे महिन्यात रात्री साडेदहाला पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवा आणि मग उत्तरेच्या भिंतीवर. फरक हाताला कळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर हा फरक थोडा झाकला जातो, कारण तिथे दिवसभर तापणारी गच्ची कोणत्याही भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत सोडते.

म्हणून आर्किटेक्ट पश्चिमेला जिना, कोठी, कपाटे किंवा बाथरूम-संडास टाकतात. यातला जिना आणि कोठी वास्तूलाही चालतात, संडासावर मात्र भांडण होते. तोडगा काढायचा तर नैऋत्येला सामानाची खोली, जिना किंवा भिंतभर कपाट घ्यावे आणि पलंग आत सरकवावा. कोकणात मात्र कपाट भिंतीला चिकटवू नये. पावसाची झड पश्चिमेकडून येते, भिंत ओल धरते आणि मागे बुरशी चढते. तिथे चार बोटे मोकळी ठेवावीत.

कोकणात आणि मुंबईत नियमाची दुसरी बाजूही अडते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नैऋत्य बंद ठेवणे शहाणपणाचे, कारण दुपारचा वारा भाजतो. मुंबईत घाम वाळवायला वाराच लागतो, आणि समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. तिथे पश्चिम आणि नैऋत्य बंद केली तर घर गुदमरते. तिथे खिडकी हवीच, फक्त तिला खोल बाल्कनी, जाळी किंवा बाहेरून सोडायची चटई असावी. आतला पडदा फारसा उपयोगी पडत नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर तो तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

आग्नेयेची चूल आणि वारा

आग्नेयेच्या स्वयंपाकघराचा नियम आपल्याकडे बराचसा टिकतो. वराहमिहीर अवंतीचा, म्हणजे उज्जैनकडचा. त्या मुलखात उन्हाळी वारा पश्चिम-वायव्येकडून आणि पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. लाकडाच्या चुलीच्या काळात आग्नेय कोपऱ्यातला धूर त्यामुळे घराबाहेर जाई. महाराष्ट्रातही मुख्य वारा पश्चिमेचा आहे. शिवाय पूर्वेकडची खोली सकाळी ऊन घेते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला सावलीत असते. पश्चिमेच्या ओट्यासमोर संध्याकाळी सहाला उभे राहणाऱ्या बाईला गॅसची आणि भिंतीची अशी दुहेरी झळ सोसावी लागते.

पण पूर्व किनाऱ्यावर जा. चेन्नईत दुपारचा समुद्रवारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो. तिथे आग्नेयेच्या चुलीचा धूर घरभर फिरेल. केरळच्या घरबांधणीच्या परंपरेत स्वयंपाकघर बहुधा ईशान्य बाजूला, विहिरीलगत असते. तिथला पावसाळी वारा नैऋत्येचा, त्यामुळे धूर ईशान्येकडून बाहेर जातो. म्हणजे परंपरेनेच आपला नियम मुलखाप्रमाणे बदलला होता. गॅस आणि एक्झॉस्ट फॅन आल्यावर धुराचा मुद्दा बोथट झाला आहे. पूर्वेच्या अंगाला, मग ती ईशान्य असो वा आग्नेय, ओटा मिळाला तर पुरे. केवळ कोपरा जुळावा म्हणून ओटा आणि त्याचे पाइप हलवणे, आणि त्यापायी खालच्या मजल्यावर गळती करून घेणे, यात कोणाचेच भले नाही.

निवड आपण आधीच करतो

बृहत्संहितेत घराची मापे वर्णानुसारही दिली आहेत. आज कोणी सल्लागार ती सांगत नाही आणि कोणी कुटुंब विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ ग्रंथातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे आपण ठरवतच आलो आहोत. मग ठरवण्याची कसोटी उघडपणे सांगावी. ज्याची देवघरावर श्रद्धा आहे त्याने ते ईशान्येला जरूर ठेवावे. त्यात कोणाचे नुकसान नाही. पण जिथे झोपायचे, रांधायचे, लहान मुले आणि म्हातारी माणसे दुपारभर बसायची, तिथे ऊन आणि वारा यांना शेवटचा शब्द द्यावा.

फ्लॅट घेण्याआधी तो दोनदा पाहावा, सकाळी नऊला आणि दुपारी साडेचारला. ऊन कोणत्या भिंतीवर आहे ते नकाशावर पेन्सिलने लिहावे. प्रत्येक खिडकीत उदबत्ती धरून धूर आत येतो की बाहेर जातो ते पाहावे. बेडरूमच्या पश्चिमेला उघडी भिंत असेल तर बाहेरून सावलीचा खर्च किमतीत धरावा. शंकू रोवणाऱ्या स्थपतीने हेच केले असते, आणि वास्तुशास्त्राचा वारसा म्हणून जपायचे ते त्याचे हे पाहणेच.