विश्लेषण : भूकंपाचे भाकीत अजून का करता येत नाही?

राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेत भूकंपावर छोटेसे भाषण झाले, की विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते, मग भूकंपाची का नाही? भाषणाला विटेच्या प्रयोगाची जोड दिली, तर उत्तर पटकन समजते.

विटेचा प्रयोग काय सांगतो?

टेबलावर सँडपेपर चिकटवून त्यावर वीट ठेवायची. विटेला जाड रबर बांधून ते सावकाश, एकाच गतीने ओढायचे. रबर ताणले जाते, पण वीट जागची हलत नाही. मग अचानक सरकते आणि पुन्हा थांबते. ओढण्याची गती तीच असूनही वीट कधी आणि किती सरकेल, हे दर वेळी थोडे बदलते. भूगर्भातील भ्रंशावर, म्हणजे खडकांतील मोठ्या भेगेवर, असेच घडते. घर्षणाने अडकलेल्या खडकांत ताण साठत जातो आणि ते एकदम सरकले की भूकंप होतो.

प्रत्यक्षात भाकीत करून पाहिले का?

हो. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशावरील पार्कफिल्ड येथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये साधारण ६ तीव्रतेचे भूकंप झाले. सरासरी अंतर सुमारे २२ वर्षे. त्यावरून पुढचा भूकंप १९९३ उजाडण्यापूर्वी होण्याची दाट शक्यता १९८५ मध्ये वर्तवण्यात आली आणि परिसरात उपकरणांचे जाळे उभारले गेले. भूकंप झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी. ठिकाण आणि तीव्रतेचा अंदाज खरा ठरला, वेळ चुकली. मुळात २२ वर्षांच्या सरासरीआड एकदा १२, तर एकदा ३२ वर्षांचे अंतर दडलेले होते. शिवाय इतकी उपकरणे असूनही धक्क्यापूर्वी स्पष्ट इशारा देणारी कोणतीही नोंद मिळाली नाही.

अडचण नेमकी कुठे आहे?

वादळ उपग्रहाला दिसते. भूकंप मात्र अनेक किलोमीटर खोल सुरू होतो आणि तिथला ताण व घर्षण जागोजागी मोजता येत नाही. छोटा आणि मोठा भूकंप सुरुवातीला जवळपास सारखेच दिसतात. सरकणे कुठे थांबेल, यावर तीव्रता ठरते. छोटा धक्का मोठ्याची नांदी होती, हे नंतरच कळते. कोयना परिसरात १९६७ च्या विनाशकारी भूकंपानंतरही छोटे धक्के बसत आले आहेत, पण प्रत्येकामागून मोठा भूकंप आलेला नाही.

मग काय सांगता येते?

कोणत्या भागात धोका जास्त आहे आणि पुढील काही दशकांत भूकंपाची शक्यता किती, हे सांगता येते. भूकंप सुरू झाल्यावर वेगवान प्राथमिक लहरी टिपून, जास्त हानी करणाऱ्या दुय्यम लहरी पोहोचण्याआधी इशाराही देता येतो. केंद्रापासून १०० किलोमीटरवर या दोन लहरींत साधारण १२ सेकंदांचे अंतर असते. त्यातील काही सेकंद नोंद घेऊन इशारा पाठवण्यात जातात. उरलेल्या वेळात बाकाखाली शिरता येते. मात्र हा इशारा आहे, भाकीत नव्हे. त्यामुळे तारीख आणि वेळ देऊन भूकंप येणार असल्याचे सांगणारा संदेश फोनवर आला, तर तो खोटा समजून पुढे पाठवू नये.