अर्काइव्ह केलेला ग्रुप परत वर का येतो, आणि कधी कधी का येत नाही?

आजचा विषय छोटा आहे, पण आपल्या आंबेगाव-जुन्नरकडच्या माणसांसाठी कामाचा आहे. महाळुंगे पडवळ काय किंवा आजूबाजूचं कुठलंही गाव काय, प्रत्येकाच्या फोनमध्ये गावाचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. त्यात सकाळी फुलांचे फोटो, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी मंचर-नारायणगावचे बाजारभाव आणि मधेच कधीतरी एक ओळ येते, "ओढ्याकडच्या उसात बिबट्या दिसलाय, पाण्यावर जाणारांनी सांभाळून."

आता फुलांना कंटाळून तुम्ही तो ग्रुप अर्काइव्ह केला असेल, तर ही शेवटची ओळ तुम्हाला दिसणार का? उत्तर "कदाचित" असं आहे. ते कशावर ठरतं, तेच आज बघू.

जागा वेगळी, आवाज वेगळा

म्यूट आणि अर्काइव्ह ही दोन वेगळी बटणं आहेत. म्यूट आवाजाचं बटण आहे. ग्रुप म्यूट केला की फोन वाजत नाही, पण ग्रुप तिथंच राहतो. नवीन मेसेज आला की तो यादीत वर सरकतो आणि शेजारी न वाचलेल्यांचा आकडा दिसतो. म्हणजे व्हॉट्सॲप उघडलं की तो डोळ्यासमोर येतोच.

अर्काइव्ह हे जागेचं बटण आहे. ग्रुप यादीतून उचलून `Archived` नावाच्या कप्प्यात जातो. तुम्ही ग्रुप सोडलेला नसतो आणि मेसेज डिलीट झालेले नसतात. समोरच्याला काही कळत नाही, त्याला नेहमीसारख्या दोन टिक दिसतात. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होत असतील तर तेही होत राहतात. त्यामुळे "अर्काइव्ह केलं तरी स्टोरेज का भरतंय?" याचं उत्तर इथंच आहे.

अजून एक फरक मुदतीचा. म्यूट करताना `8 hours`, `1 week`, `Always` असे तीन पर्याय येतात. पहिल्या दोन्हींत वेळ संपली की आवाज आपोआप सुरू होतो. अर्काइव्हला अशी मुदत नसते.

मग ग्रुप परत वर कसा येतो?

इथं थोडा इतिहास लागतो. पूर्वी व्हॉट्सॲपमध्ये अर्काइव्ह म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेवणं होतं. नवीन मेसेज आला की चॅट लगेच मुख्य यादीत परत यायची. गावाच्या ग्रुपवर ते पाच मिनिटंही टिकायचं नाही. लोकांची तक्रार तीच होती, आणि जुलै २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नियम उलटा केला. आता मेसेज आला तरी चॅट कप्प्यातच राहते.

पण जुनी पद्धत गेलेली नाही, ती एका सेटिंगमागे आहे. अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `Chats` उघडा, तिथं `Keep chats archived` सापडेल. फोन मराठीत असेल तर नाव मराठीत दिसेल, जागा तीच. हे चालू असेल तर नवा नियम, बंद असेल तर जुना. हे सेटिंग एका ग्रुपपुरतं नसतं, अर्काइव्ह केलेल्या सगळ्या चॅटना एकदमच लागू होतं.

एक मेसेज, तीन फोन

समजा संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी बिबट्याचा तो मेसेज पडला. ग्रुप एकच आहे, फोन तीन आहेत.

पहिल्या फोनवर ग्रुप फक्त म्यूट आहे. फोन वाजला नाही. पण मालकाने आठ वाजता बायकोला मेसेज करायला व्हॉट्सॲप उघडलं आणि ग्रुप वरच्या ओळींत दिसला. मेसेज वीस मिनिटं उशिरा कळला, पण कळला.

दुसऱ्या फोनवर ग्रुप अर्काइव्ह आहे आणि `Keep chats archived` बंद आहे. मेसेज आला, फोन वाजला आणि ग्रुप यादीत परत आला. यात सूचना लगेच मिळाली, पण आता तो ग्रुप अर्काइव्हमध्ये राहिलेला नाही. उद्याची फुलंही सरळ समोर येणार.

तिसऱ्या फोनवर ग्रुप अर्काइव्ह आहे आणि सेटिंग चालू आहे. बहुतेकांचा फोन असाच असतो. फोन वाजला नाही आणि ग्रुप वरही आला नाही. फक्त `Archived` च्या ओळीशेजारचा आकडा बदलला असेल. रात्रपाळीची लाईट आली म्हणून हा माणूस टॉर्च घेऊन मोटर चालू करायला निघाला, तर त्याला काही माहीत नाही.

तो आकडाही फसवतो बरं का. `Archived` शेजारी `2` दिसलं तर दोन मेसेज आलेत असं वाटतं. पण तो आकडा मेसेजचा नाही, चॅटचा आहे. दोन चॅटमध्ये न वाचलेलं काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो. एकाच ग्रुपमध्ये दोनशे मेसेज पडले तरी तिथं `1` च असतो. म्हणून ग्रुप तापलाय की शांत आहे हे बाहेरून कळत नाही.

अपवाद एक आहे

तिसऱ्या फोनवरसुद्धा सूचना येऊ शकते. ग्रुपमध्ये कुणी `@` लावून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्याच मेसेजला रिप्लाय केला, तर अर्काइव्ह असूनही नोटिफिकेशन येतं. `Archived` च्या ओळीवर आकड्याऐवजी `@` दिसला तर तुम्हाला कुणीतरी हाक मारली आहे असं समजा. म्यूट केलेल्या ग्रुपलाही हाच अपवाद लागू होतो.

म्हणजे मळ्यात एकट्याने राहणाऱ्या चुलत्यांना कळवायचं असेल, तर ग्रुपवर नुसता मेसेज टाकून भागत नाही. त्यांचं नाव `@` ने घ्या, किंवा सरळ फोन लावा.

दुसऱ्या ॲपवर हाच नियम धरू नका

टेलिग्राममध्ये ही दोन बटणं एकमेकांत गुंतलेली आहेत. तिथं अर्काइव्ह केलेली चॅट म्यूट नसेल, तर नवीन मेसेज आल्यावर ती बाहेर येते. म्यूट असेल तर आतच राहते. त्यामुळे टेलिग्रामवर एखादा चॅनल कायमचा आत ठेवायचा तर दोन्ही करावं लागतं.

मग करायचं काय?

ज्या ग्रुपमधला एखादा तरी मेसेज त्याच दिवशी कळायला हवा, तो अर्काइव्ह करू नका, म्यूट करा. लग्नाचे जुने ग्रुप, संपलेल्या स्पर्धेचे ग्रुप खुशाल अर्काइव्हमध्ये टाका.

आणि तुम्ही ग्रुपचे ॲडमिन असाल तर इशाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप काढा. त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवायचा हक्क फक्त ॲडमिनला ठेवा. तिथं फुलं येणारच नाहीत, मग कुणाला तो अर्काइव्ह करावासा वाटणार नाही. सदस्यांनी त्या ग्रुपला वेगळी रिंगटोन लावली तर फोन खिशातून न काढताही कळेल की हा मेसेज बघायला हवा.

ऐकून झालं की `Archived` एकदा उघडा. सापडला नाही तर चॅटची यादी अगदी वर किंवा अगदी खालपर्यंत सरकवून बघा. तिथं गावाचा ग्रुप बसला असेल, तर त्यावर बोट दाबून ठेवा आणि वर येणाऱ्या बाणाच्या खुणेने बाहेर काढा. भेटू पुढच्या भागात!