गोल किती नव्हे, फरक किती

२०२२च्या कतार विश्वचषकात फ्रान्सने ऑस्ट्रेलियाला ४-१ हरवलं, तर उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने क्रोएशियाला ३-०. प्रेक्षकांसाठी हे दोन वेगळे सामने. हँडिकॅपचा भाव काढणाऱ्यासाठी मात्र निकाल एकच, फरक तीन.

‘उणे एक’ हँडिकॅप म्हणजे यजमानांच्या खात्यातून एक गोल आधीच वजा. ते दोन किंवा अधिक गोलांनी जिंकले तर पैज जिंकली, नेमक्या एकाने जिंकले तर पैसे परत, नाहीतर हार. भाव काढण्याची रूढ पद्धत अशी की ०-० पासून १०-१० पर्यंतचा १२१ घरांचा तक्ता मांडायचा, प्रत्येक घराची शक्यता काढायची आणि मग समान फरकाची घरं बेरजेत घ्यायची. म्हणजे ज्या तपशिलासाठी एवढा खटाटोप केला, तोच शेवटी पुसून टाकायचा.

हा वळसा टाळता येतो. प्रत्येक संघाचे गोल प्वासाँ नियमाने पडतात असं मानलं, तर त्यांच्या फरकाचंही ठरलेलं सूत्र आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जे. जी. स्केलम यांनी ते १९४६ साली मांडलं, म्हणून त्याला स्केलम वितरण म्हणतात. त्याला लागतात फक्त दोन सरासऱ्या.

समजा, यजमानांची अपेक्षित सरासरी १.६ गोल आणि पाहुण्यांची १.१.

```python
from scipy.stats import skellam
a, b = 1.6, 1.1
win = skellam.sf(1, a, b)
push = skellam.pmf(1, a, b)
print(1 + (1 - win - push) / win)
```

दोन किंवा अधिक गोलांनी विजयाची शक्यता २५.५ टक्के येते, नेमक्या एका गोलाची २३.४ आणि उरलेली ५१ टक्के हार. हार भागिले जीत, अधिक एक: रास्त भाव ३.००. ‘उणे पाऊण’मध्ये अर्धे पैसे ‘उणे अर्धा’वर आणि अर्धे ‘उणे एक’वर लागतात. एका गोलाच्या विजयात अर्धी पैज जिंकते, म्हणून जीतेत त्या २३.४ टक्क्यांचा अर्धा वाटा मिळवायचा, भाव २.३७ वर उतरतो. बुकमेकरचा नफा यात धरलेला नाही.

खरी फसगत सरासऱ्यांतच होते. सामना मोकळा झाला की दोन्ही बाजूंचे गोल एकत्र वाढतात. कार्लिस आणि न्झूफ्रास या ग्रीक अभ्यासकांनी दाखवलं की हा सामाईक वाटा वजाबाकीत उडून जातो. पण तो उडतो म्हणूनच सूत्रात आधी वगळलेल्या सरासऱ्या घालाव्या लागतात. सामाईक वाटा ०.१ असेल तर १.५ आणि १.० घालायचे, बरोबरीची शक्यता २४.९ वरून २६ टक्क्यांवर जाते. तेव्हा मोसमभराच्या सामन्यांत सूत्राने सांगितलेल्या बरोबऱ्या आणि प्रत्यक्षातल्या बरोबऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्यक्षातल्या सतत जास्त निघाल्या, तर सरासऱ्यांत हा वाटा राहून गेल्याची शंका घ्यावी.

एकूण गोल किती होतील, हे मात्र फरकावरून कळत नाही.